कलम सातमधला कोतवाल

बबिता पवळे यांच्या टेबलावर कायम दोन पेन्सिली असत, एक टोक केलेली आणि एक तिचे टोक मोडल्यावर हाती घ्यायची. पेनने त्या फक्त सही करीत. कोणताही मसुदा समोर आला की आधी पेन्सिल उचलायची, वाक्यातले एखादे जड नाम हेरायचे आणि त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहायचे: ‘कोण?’ ‘अंमलबजावणी’ – कोण? ‘सुनिश्चिती’ – कोण? ‘प्रसारण’ – कोण? एकेका पानावर असे पंधरा-वीस ‘कोण’ मुंग्यांसारखे चढलेले असत. तहसील कार्यालयातले लोक त्यांना पाठीमागे ‘कोणबाई’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होते आणि त्यात राग धरण्यासारखे काही आहे असे त्यांना कधी वाटले नाही.

बिलोली आणि देगलूर यांच्या मधल्या पट्ट्यातले ते कार्यालय. बबिताबाईंचे माहेर लातूर जिल्ह्यातल्या मुरुडचे. नवरा श्रीमंत याच कार्यालयात लिपिक होता. एका मार्चमध्ये, वसुलीच्या धामधुमीत, तो खुर्चीतच गेला. दोन वर्षे खेटे घातल्यावर अनुकंपा तत्त्वावर त्यांना नोकरी मिळाली. खेटे घालताना जी पत्रे हाती पडली, त्यांतून त्या सरकारी मराठी शिकल्या. ‘आपल्या अर्जाच्या अनुषंगाने पुढील कार्यवाहीबाबत विचारविनिमय सुरू असल्याचे कळविण्यात येते.’ हे पत्र त्यांनी सासूबाईंना, गुणाबाईंना, चुलीपुढे बसून वाचून दाखवले होते. गुणाबाईंना अक्षर येत नव्हते. त्यांनी सगळे ऐकून घेतले, भाकरी उलटली आणि विचारले,

“कोन इचार करून राह्यलंय?”

“ते लिहिलं नाही, आत्याबाई.”

“मंग कुणीच करून ऱ्हायलं नसंल.”

अंदाज खरा निघाला. अर्ज सात महिने एका कपाटात होता. पेन्सिलीतला तो ‘कोण’ मूळचा गुणाबाईंचा. बबिताबाईंनी त्याला फक्त कागदावर जागा दिली.

पुढे त्या अव्वल कारकून झाल्या. त्या पदाचे नावही आता बदलले आहे, पण कार्यालयात जुनेच चालते. संध्याकाळी त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्यांपुढे लोक कागद घेऊन बसत. पीकविम्याचे पत्र, फेरफाराची नोटीस, निराधार योजनेचा नकार. बाई वाचत आणि सांगत. त्यांची रीत ठरलेली होती. वाक्यातले नाम फोडायचे, आतले क्रियापद बाहेर काढायचे आणि मग ते क्रियापद करणारा माणूस शोधायचा. ‘त्रुटींची पूर्तता न झाल्याने प्रस्तावाची नामंजुरी’ म्हणजे तुम्ही रहिवासी दाखला जोडला नाही, म्हणून साहेबांनी अर्ज नाकारला. ऐकणारा उठताना म्हणे, “असं हाय व्हय! मंग असंच लिव्हायला काय झालं व्हतं?” प्रत्येक नाम वैरी असते असे मात्र त्या मानत नसत. ‘पंचनामा’ फोडायला त्या कधी गेल्या नाहीत, ‘फेरफार’ही नाही. जो शब्द बांधावर उभा असलेला माणूस स्वतः उच्चारतो, तो राहू द्यावा. ज्याच्या आड कुणीतरी उभा आहे, तो उघडावा.

सव्वादोन वर्षांपूर्वी नायब तहसीलदार मठपती यांनी त्यांना बोलावले. पूरप्रवण गावांचा आपत्ती आराखडा सोप्या मराठीत हवा, असे वरून पत्र आले होते.

“बबिताताई, हे तुमचंच काम. ह्या आराखड्याची चौदा पानं आहेत. मी स्वतः कधी पुरी वाचली नाहीत, खरं सांगतो.”

“किती दिवसांत हवं, साहेब?”

“परवा जिल्ह्याला पाठवायचंय.”

दोन दिवसांत त्यांनी चौदा पानांची चार पाने केली. कुठे काय होते आणि त्याचे काय झाले, हे त्यांच्या फायलीत आजही पाहता येते, कारण जुना मसुदा फेकून देण्याची त्यांना सवय नव्हती. ‘धरणातील विसर्गाबाबत प्राप्त माहितीचे तत्काळ संप्रेषण करण्यात यावे’ या वाक्यावर तीन ‘कोण’ आहेत. कोण सोडतो, कोण कळवतो, कोण ऐकतो. त्याचे कलम पाच झाले: ‘धरणाचा शाखा अभियंता दरवाजे उघडण्याच्या दोन तास आधी नियंत्रण कक्षाला फोन करील. नियंत्रण कक्ष तलाठ्याला लगेच फोन करील.’ ‘विसर्ग’ हा शब्द त्यांनी दुसऱ्या कलमात तसाच ठेवला, कारण नदीकाठचे लोक आता तोच शब्द वापरतात.

‘नियंत्रण कक्ष फोन करील’ या शब्दांवर मात्र त्यांची पेन्सिल थबकली होती. कक्ष म्हणजे खोली. खोली फोन करीत नाही. त्यांनी डोक्यावर ‘कोण?’ लिहून मठपतींकडे नेले.

“तिथं पद टाकू नका,” मठपती म्हणाले. “पाळ्या असतात, माणसं बदलतात. उद्या कुणी चुकला तर नाव येईल. कक्षच राहू द्या.”

बाईंनी तो ‘कोण’ खोडरबराने पुसला. कागदावर त्याची खूण अजून दिसते.

मग कलम सात. मूळ वाक्य होते: ‘पूर्वसूचनेचे नदीकाठच्या सर्व वस्त्यांपर्यंत प्रसारण सुनिश्चित करण्यात यावे.’ कोण प्रसारण करणार, हे चौदा पानांत कुठेच नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारचे साडेचार वाजले होते, टपाल सव्वापाचला निघायचे होते. बाईंनी लिहिले: ‘कोतवाल नदीकाठच्या प्रत्येक घरी स्वतः जाऊन सांगेल.’ हे वाक्य मठपतींनी तसेच पुढे पाठवले. वाक्य छान होते. लहान होते, त्यात माणूस होता, क्रियापद होते. जिल्ह्याच्या बैठकीत ते पडद्यावर दाखवले गेले आणि सोप्या मराठीचा नमुना म्हणून आराखडा इतर तालुक्यांना पाठवला गेला. बाईंना प्रशस्तिपत्र मिळाले. गुणाबाईंनी ते देवळीत ठेवले.

ज्या माणसाचे पद त्या वाक्याच्या सुरुवातीला बसले, त्याला कुणी काही विचारले नव्हते.

त्याचे नाव बसवंत. सावरखेडा सज्जाचा, म्हणजे तिथल्या तलाठ्याच्या हद्दीचा, कोतवाल. कागदावर आता त्याला महसूल सेवक म्हणतात, पण त्याने मानधन कोतवालाचेच घेतले आणि हाकही कोतवालाचीच ऐकली. वय बावन्न, एका पायात किंचित लंगड, जवळ पुतण्याची जुनी मोटारसायकल. त्याच्या सज्जात तीन ठिकाणे येत: सावरखेडा, माळेवाडी आणि ओढ्यापलीकडची गुडीवस्ती. गुडीवस्तीत अकरा घरे, निम्मी तेलुगू बोलणारी. वस्तीत जाणारा रस्ता ओढ्यावरच्या नळकांडी पुलावरून जातो. नदी फुगली की ओढ्याचे पाणी उलटे चढते आणि तो पूल आधी बुडतो. हे सावरखेड्यातल्या शेळीलाही ठाऊक होते. आराखड्याच्या चारही पानांना ठाऊक नव्हते.

गेल्या भाद्रपदात धरणाचे दरवाजे दुपारी दोन वाजता उघडले. गुडीवस्तीतल्या पार्वतम्मा नदीकाठच्या गोठ्यात म्हशी सोडवायला गेल्या होत्या. दोन म्हशी पोहत बाहेर आल्या. पार्वतम्मा तिसऱ्या दिवशी सापडल्या, पाच किलोमीटर खाली, बाभळीच्या बुंध्याशी.

वर्तमानपत्रात बातमी आली आणि जिल्ह्याने चौकशी लावली. चौकशी मठपतींकडे आली. अहवाल लिहायचा म्हणजे मसुदा बाईंकडे येणार, हेही ठरलेलेच. मठपतींनी त्यांना केबिनमध्ये बोलावले तेव्हा आराखड्याची प्रत टेबलावर उघडी होती आणि कलम सातवर पिवळा पट्टा ओढलेला होता.

“तुमच्या सोप्या मराठीनं मोठी सोय केली बघा,” ते म्हणाले. “सगळं स्पष्ट आहे. कोतवाल प्रत्येक घरी स्वतः जाऊन सांगेल. तो गुडीवस्तीत गेला नाही. कर्तव्यात कसूर. सेवा समाप्त करायचा प्रस्ताव टाका, विषय मिटला.”

“साहेब, त्याला निरोप कितीला मिळाला?”

“ते बघा नोंदवहीत. पण फार खोलात जाऊ नका. सोमवारी अहवाल जायचाय.”

बाईंनी नोंदवही काढली. त्यांच्यासारखी बाई नोंदवही उघडते तेव्हा आधी पानांचे क्रमांक मोजते. एकही पान कमी नव्हते. धरणाचा फोन अकरा चाळीसला आला होता, शाखा अभियंत्याचे नाव आणि वेळ दोन्ही होते. त्यापुढे पाळीवरच्या लिपिकाची नोंद: ‘मा. नायब तहसीलदार यांच्या मान्यतेस्तव सादर’, बारा दहा. मठपती तेव्हा दूरदृश्य बैठकीत होते. त्यांची सही एक पस्तीसला. तलाठी किशनराव यांना फोन एक पन्नासला. किशनरावांनी बसवंतला फोन केला दोन पाचला. दरवाजे दोनलाच उघडले होते.

निरोप कार्यालयात एक तास पंचावन्न मिनिटे एका सहीसाठी बसून होता. कलम पाचने ‘लगेच’ म्हटले होते. पण लगेच फोन कोणी करायचा, तर कक्षाने. कक्षाला परवानगीची सवय होती. जो फोन करायला बांधील आहे असा एकही माणूस त्या वाक्यात नव्हता, म्हणून पाळीवरच्या लिपिकाने जे प्रत्येक कागदाचे करतात तेच केले: वर सादर केले. बाईंना आपल्याच खोडरबराची खूण आठवली.

त्या दिवशी घरी त्या जेवल्या नाहीत. गुणाबाईंनी दोनदा विचारल्यावर त्यांनी सगळे सांगितले. म्हातारी आता ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येते, पण जे ऐकू येते ते सुटत नाही.

“त्या कोतवालाचं नाव तूच लिव्हलीस न्हवं?”

“नाव नाही, पद लिहिलं. पण हो, मीच.”

“त्येला इचारलीस का, बाबा, तुला जमंल का म्हनून?”

“नाही.”

“मंग माजा ‘कोन’ घेऊन काय केलीस तू? ‘कोन’ म्हंजे माणसापाशी जाऊन इचारायचं आसतंय. आपल्या मनानं भरायचं नसतंय.”

बाईंचे आयुष्यभराचे काम त्या एका वाक्यात तोलले गेले होते. मूळ वाक्यात कर्ता नव्हता, ही त्याची लबाडी होती. पण रिकामी जागा दिसली म्हणून जो सर्वांत स्वस्त माणूस आठवला त्याला तिथे बसवणे ही दुसरी लबाडी होती, आणि ती त्यांची स्वतःची होती. नामातून क्रियापद काढणे हे भाषेचे काम आहे. क्रियापदाला कर्ता देणे हा निर्णय आहे, आणि निर्णय पेन्सिलीने घ्यायचा नसतो.

रविवारी त्या गुडीवस्तीला गेल्या. सावरखेड्यापासून बसवंतनेच मोटारसायकलवर नेले. नळकांडी पुलापाशी उतरून त्याने हात दाखवला.

“हितं थांबलो व्हतो, बाई. पानी हितवर.” त्याने मांडीला हात लावला. “सावरखेड्यात घरं फिरून यीस्तवर तीन वाजले. माळेवाडीत म्हातारीकोतारी, कुणी उठंना. साडेतीनला हितं आलो. पलीकडं बोंबलून सांगत ऱ्हायलो. ऐकू जात व्हतं का न्हाई, देव जाने. मला पवता येत न्हाई.”

“पूल बुडतो हे कुणाला सांगितलं होतंत? आधी?”

“कुनी इचारलं तर सांगनार न्हवं?” तो साधेपणाने म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते बाईंना अधिक लागले.

वस्तीत पार्वतम्मांचा मुलगा बालाजी ओट्यावर बसला होता. सुतकाचे दिवस संपले होते, पण मुंडन केलेले डोके अजून उघडेच. त्याने पाणी दिले. बाईंनी आपण कोण आहोत ते सांगितले आणि मग, पहिल्यांदाच, जे दोन वर्षांपूर्वी विचारायला हवे होते ते विचारले.

“निरोप तुमच्यापर्यंत कसा आला असता तर वेळेवर पोचला असता?”

बालाजी म्हणाला, “फोननं.”

“इथं लागतो?”

“का न लागावं? वस्तीत नऊ फोन हायत. टॉवर त्या माळावर हाय, दिसतो का न्हाई? दिवसभर लागतो.” त्याने खिशातून फोन काढून त्यांच्यापुढे धरला. “त्या दिशी मी घरीच व्हतो, मॅडम. अम्मा मला सांगूनच गेली, म्हशींकडं जाते म्हनून. कुनीतरी एक फोन केला असता तर मी तिला धरून बसलो असतो. आमच्या नंबरचं कागद तुमच्या हापिसात हाय का?”

“नाही.”

“मंग बसवंतमामाला कामून धाडलं? तो बिचारा एका पायाचा.”

बसवंत मागे उभा होता. तो म्हणाला, “ऱ्हाऊ दे रे बालाजी. बाई चांगल्या हायत.”

बाईंनी बालाजीचा नंबर वहीत लिहून घेतला. बाकीच्या आठ फोनांचेही घेतले.

सोमवारी सकाळी त्यांनी अहवाल लिहिला, दीड पान, सगळी वाक्ये माणसांची. ‘शाखा अभियंत्याने ११.४० वाजता फोन केला. पाळीवरील लिपिकाने तो नोंदवला आणि तलाठ्याला फोन न करता मान्यतेसाठी वर पाठवला, कारण आराखड्याने त्याला थेट फोन करायला सांगितले नव्हते. नायब तहसीलदारांनी १.३५ वाजता सही केली. तलाठ्याने २.०५ वाजता कोतवालाला कळवले. त्या आधी पाच मिनिटे दरवाजे उघडले होते. कोतवालाने दोन गावांत घरोघर जाऊन सांगितले. तो पुलापाशी पोचला तेव्हा पूल बुडाला होता.’ शेवटी त्यांनी नवे कलम पाच आणि सात सुचवले: पाळीवरील लिपिक परवानगीची वाट न पाहता तलाठ्याला आणि प्रत्येक वस्तीतल्या दोन घरांना स्वतः फोन करील, आणि फोन उचलणाऱ्याचे नाव लिहील. गुडीवस्तीची दोन नावे त्यांनी दिली, दोघांना विचारून.

अहवाल मठपतींच्या टेबलावर दुपारपर्यंत होता. परत आला तेव्हा त्यावर लाल पेन फिरलेला होता. लाल पेनाने जे केले ते बाईंना एका नजरेत कळले, कारण तोच रस्ता त्या आयुष्यभर उलट्या दिशेने चालल्या होत्या. ‘लिपिकाने वर पाठवला’ याचे ‘सादरीकरण झाले’. ‘नायब तहसीलदारांनी १.३५ वाजता सही केली’ याचे ‘प्रशासकीय मान्यतेची प्रक्रिया पूर्ण करण्यात आली’, वेळ गायब. ‘तलाठ्याने कळवले’ याचे ‘सूचनेचे संप्रेषण करण्यात आले’. दीड पानातल्या वाक्यांतून एकेक माणूस उठून निघून गेला होता आणि मागे रिकाम्या खुर्च्यांसारखी नामे राहिली होती. फक्त एका वाक्यात माणूस आणि क्रियापद दोन्ही होते, पुलाचे वाक्य खोडून लाल पेनाने तिथे लिहिले होते: ‘कोतवाल बसवंत हा आराखड्यातील कलम ७ नुसार गुडीवस्ती येथे गेला नाही.’

त्या मठपतींकडे गेल्या.

“साहेब, सगळ्यांची क्रियापदं काढलीत. त्याच्या एकट्याचं ठेवलंत.”

“मग काय करू? तुम्ही कलम सातमध्ये लिहिलेलंच आहे ते.” मठपती चष्मा पुसत होते. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी स्वतःच्या पैशाने पार्वतम्माच्या घरी धान्य पाठवले होते. “बबिताताई, एक ऐका. वीस वर्षं झाली मला. ही जड भाषा लोकांना कळू नये म्हणून असते, असं तुम्हाला वाटतं. तसं नाही. ती आपल्याला नोकरीत ठेवते. माझी मुलगी पुण्यात शिकते. त्या लिपिकाची बायको बाळंत व्हायचीये. सगळ्यांची नावं लिहिलीत तर सगळे जातील.”

“आणि बसवंतचं?”

“तो मानधनावर आहे.” त्यांनी चष्म्याची काच उजेडाकडे धरली. “कुणीतरी द्यावाच लागतो.”

“मग मला द्या.”

मठपतींनी चष्मा घातला आणि पहिल्यांदा नीट त्यांच्याकडे पाहिले. “वेड लागलंय का?”

बाईंनी जागेवर येऊन एक कोरा कागद घेतला. त्या दिवशी त्यांनी पेन्सिल वापरली नाही. पेनाने लिहिले: ‘आराखड्याचे कलम सात मी लिहिले. मूळ मजकुरात सूचना कोणी द्यायची हे नव्हते. मी कोणालाही न विचारता तिथे कोतवाल लिहिले. मी बसवंतला विचारले नाही. मी गुडीवस्तीला गेले नाही. पूल बुडतो हे मी शोधले नाही. कलम पाचमध्ये फोन कोणी करायचा हा प्रश्न मला पडला होता, तो मी पुसला. हे निवेदन चौकशी अहवालाला जोडावे.’ आठ वाक्ये. अशी वाक्ये त्या कार्यालयात बहुधा याआधी कुणी लिहिली नसतील, निदान सही करून नाही.

कागद मठपतींकडे दिला तर तो खणात जाईल, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्या आधी आवक विभागात गेल्या, शिक्का मारून घेतला, क्रमांक घेतला, प्रतीवर पोच घेतली. क्रमांक मिळालेला कागद हरवू शकतो, पण तो नव्हता असे कुणी म्हणू शकत नाही. आणखी एक प्रत त्यांनी नोंदणीकृत टपालाने जिल्ह्याला पाठवली.

दिवाळीनंतर निकाल लागला. आधी बाईंना पत्र आले: ‘वरिष्ठांच्या निदर्शनास न आणता थेट पत्रव्यवहार केल्याबाबत आपला खुलासा सादर करण्यात यावा.’ मग बदली झाली, त्याच इमारतीत, तळमजल्यावरच्या अभिलेख कक्षात. मसुदे आता त्यांच्याकडे येणार नव्हते. त्यांच्या निवेदनाचे काय झाले, हे कुणी कळवले नाही. अभिलेख कक्षात बसल्यावर त्यांनी ते स्वतः शोधले. ते अहवालाला जोडलेले होते, शेवटचे पान म्हणून, परिशिष्टात. त्यावर एक शेरा होता: ‘अवलोकन केले.’ कोणी, ते लिहिले नव्हते.

नवा आराखडाही आला. त्यात गुडीवस्तीचे दोन फोन नंबर होते, बालाजीचा पहिला. हे तेवढे राहिले. बाकी तो पुन्हा चौदा पानांचा झाला होता.

त्याच आठवड्यात बसवंत त्यांच्या घरापुढे आला, संध्याकाळी, इतर लोक कागद घेऊन बसत तसाच. हातात पाकीट होते. गुणाबाई दारातच खाटेवर होत्या. बसवंतने खाली बसून पाकीट बाईंकडे दिले.

“जरा वाचून सांगा. पुतण्याला कळंना. मलाबी कळंना.”

बाईंनी वाचले. ‘कर्तव्यपालनातील हेतुपुरस्सर दुर्लक्षाच्या अनुषंगाने प्राप्त अहवालाचे अवलोकन करून आपल्या सेवेच्या समाप्तीबाबत निर्णय घेण्यात आलेला असून, याद्वारे आपणास अवगत करण्यात येत आहे.’ खाली तारीख आणि शिक्का. सही वळणदार होती, वाचता येत नव्हती, पण बाईंना ते वळण ओळखीचे होते.

“म्हंजे?” बसवंतने विचारले.

आयुष्यभर त्यांनी हे काम केले होते. नाम फोडायचे, क्रियापद बाहेर काढायचे. त्यांना ते करावेच लागले.

“तुम्हाला कामावरून काढलं, बसवंतदादा.”

बसवंतने मान हलवली. त्याला अंदाज होता. त्याने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. मग त्याने वर पाहिले. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला फक्त जाणून घ्यायचे होते.

“कोन काढलं?”

खाटेवरून गुणाबाईंनीही मान वळवली.

बाईंनी कागदाची घडी केली. पत्रात त्याचे उत्तर नव्हते. पण त्यांना ठाऊक होते, आणि यावेळी त्यांनी ते आपल्या मनाने भरले नाही. जे नोंदवहीत होते आणि जे स्वतः पाहिले होते तेच त्यांनी क्रमाने सांगितले: फोन कुणी वर सादर केला, सही कुणी दोन तासांनी केली, अहवालातून नावे कुणी काढली, पत्रावर सही कुणाची आहे. प्रत्येकाचे नाव आणि प्रत्येकाचे क्रियापद. बसवंत बोटांवर मोजत गेला. चार बोटे दुमडली.

“आणि सगळ्यात आधी,” बाई म्हणाल्या, “तुम्हाला न विचारता मी तुम्हाला त्या वाक्यात बसवलं.”

बसवंतने अंगठाही दुमडला. मूठ बंद झाली. मग उठला, लंगडत अंगणाच्या कडेपर्यंत गेला, आणि काहीतरी आठवल्यासारखा परत येऊन त्याने पत्र मागून घेतले.

“ऱ्हाऊ द्या माझ्याजवळ,” तो म्हणाला. “कुनी इचारलं तर दाखवायला लागंल.”